एकशे सोळा टाक्यांचं दुपटं

बाळंतविड्यासाठी स्वतःच्या हाताने काही विणून द्यायचं असेल, तर नवख्या माणसाने सुरुवात दुपट्यापासून करावी. टोपड्याला गोलाई द्यावी लागते, मोज्याला टाच वळवावी लागते, झबल्याच्या गळ्याशी टाके कमी-जास्त करावे लागतात. दुपट्यात यातलं काहीच नाही. सुरुवातीला जितके टाके घातले, तितकेच शेवटपर्यंत सुईवर राहिले की चौकोन आपोआप सरळ उतरतो. नवख्या हाताकडून हीच एक गोष्ट निसटते. टाके नकळत वाढतात किंवा गळतात आणि दुपटं एका टोकाला पसरट, दुसऱ्या टोकाला निमुळतं होतं. म्हणून पुढच्या नमुन्यात प्रत्येक ओळीत काय विणायचं हे तर दिलं आहेच, पण ओळ बरोबर आली की नाही हे कसं ओळखायचं, यालाही तेवढीच जागा दिली आहे.

नमुना चौकड्यांचा आहे. सुलट टाक्यांची एक चौकट, शेजारी उलट टाक्यांची, वरच्या पट्ट्यात त्यांची अदलाबदल. नुसती एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलं तर कापडाच्या कडा गुंडाळल्या जातात आणि ते धुऊन, इस्त्री करूनही थांबत नाही. सगळंच सुलट विणलं तर कापड सपाट राहतं, पण हाताला एकच टाका येतो. चौकड्यांमध्ये सुलट आणि उलट यांची ओढ एकमेकांना तोलते, कापड सपाट राहतं आणि दोन्ही बाजूंनी सारखं देखणं दिसतं. शिवाय या विणीत भोकं नाहीत. जाळीची वीण कितीही सुंदर दिसली तरी तान्ह्या बाळाची बोटं तिच्यात अडकतात, तेव्हा ती मोठ्यांच्या शालीसाठी ठेवावी.

तयार दुपटं साधारण 64 सेंटिमीटर रुंद आणि 77 सेंटिमीटर लांब होईल. त्यासाठी 5 मिलिमीटरच्या सुया लागतात. आपल्याकडच्या जुन्या दुकानांत सुया नंबराने मिळतात, तिथे 6 नंबर मागा. या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा, नाहीतर 8 नंबरची सुई जाड समजून घरी आणली जाते. 116 टाके साध्या सरळ सुईवर मावतात, पण दाटीवाटीने, आणि अर्धं दुपटं झाल्यावर सगळं वजन मनगटावर येतं. मधे वायर असलेली 80 सेंटिमीटरची गोल सुई घेतली तर वजन मांडीवर राहतं. तिच्यावर गोल विणायचं नाही. ओळ संपली की काम उलटवून परत यायचं, सरळ सुयांसारखंच.

लोकर अशी घ्या की जिच्या लेबलावर 5 मिलिमीटरची सुई सुचवली आहे. 300 ग्रॅम पुरते आणि थोडी उरतेही. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे हवेत. दुकानात सारखे वाटलेले दोन लॉट उन्हात शेजारी धरले की रंगाचा फरक पट्ट्यासारखा दिसतो. पहिल्या कामाला रंग फिका घ्या. गडद निळ्यात किंवा काळ्यात टाके दिसतच नाहीत, मग चूक शोधणार कशी? पिंजारलेली, केसाळ लोकर बाळासाठी नकोच. तिचे तंतू तोंडात जातात. खरी मेंढीची लोकर ऊबदार असते, पण काही बाळांच्या त्वचेला टोचते आणि गरम पाण्यात पडली तर आटून घट्ट होते. रोजच्या धुण्याला मऊ अ‍ॅक्रिलिक बरं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत सुती दोरा जास्त सुखाचा, मात्र तो ताणला जात नाही, वजनदार असतो आणि सुरुवातीला बोटांना थोडा अवघड जातो. सुती दोऱ्याचं वजन वेगळं असल्याने तो घेताना ग्रॅम न बघता मीटर बघा. 500 मीटर पुरेल.

दुपटं सुरू करण्याआधी हाताची ओढ मोजायची. 28 टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा 34 ओळी विणा, तुकडा टेबलावर न ताणता पसरा आणि मधोमध फूटपट्टी ठेवा. 10 सेंटिमीटरमध्ये आडवे 18 टाके आणि उभ्या 24 ओळी आल्या तर हात नमुन्याशी जुळला. समजा 20 टाके आले. म्हणजे तुम्ही घट्ट विणता, आणि 116 टाक्यांचं दुपटं 64 ऐवजी 58 सेंटिमीटरच होईल. 16 आले तर ते 72 सेंटिमीटरच्या वर जाईल आणि लोकरही जास्त खाईल. घट्ट हाताने एक नंबर जाड सुई घ्यावी, सैल हाताने एक नंबर बारीक. मुद्दाम हात सैल किंवा घट्ट करायला जाऊ नये, कारण चार ओळींत तो मूळ सवयीवर येतो.

आता टाके. दुपट्याला लागतात फक्त दोन प्रकारचे. सुलट टाक्याला दोरा कामाच्या मागे असतो, उजवी सुई टाक्यात पुढून मागे जाते, तिच्यावर दोरा घेऊन तो आपल्याकडे ओढून काढायचा. उलट टाक्याला दोरा पुढे, आपल्या बाजूला असतो, उजवी सुई टाक्यात मागून पुढे येते, तिच्यावर दोरा घेऊन तो मागे ढकलायचा. सुलट टाका आपल्या समोर गुळगुळीत दिसतो, बाणाच्या टोकासारखा खाली निमुळता. उलट टाक्याला आडवी गाठ दिसते. ही दोन रूपं डोळ्यांना नीट ओळखू येऊ द्या. पुढचं बरंच काम त्यावरच चालणार आहे.

टाके अंगठ्यावरून घालायचे तर दोऱ्याचं टोक अडीच मीटर सोडून सुरुवात करा, म्हणजे शंभराव्या टाक्यावर दोरा संपायची वेळ येणार नाही. कडा घट्ट होऊ नये म्हणून टाके एक नंबर जाड, म्हणजे 5 नंबरच्या सुईवर घाला आणि विणताना 6 नंबरवर या. 116 टाके झाल्यावर पुन्हा एकदा दहा-दहाच्या गटांत मोजा. इथे चुकलेला आकडा पुढे कशानेच सुधारत नाही.

मग खुणा. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे बोटभर तुकडे घेऊन त्यांचे लहान फास करा. पहिल्या 6 टाक्यांनंतर एक फास सुईत ओवा, त्यानंतर दर 8 टाक्यांनी एक, अशा 14 खुणा होतील आणि शेवटच्या खुणेनंतर पुन्हा 6 टाके उरतील. दोन्ही टोकांचे 6 टाके ही काठाची पट्टी, मधल्या 8-8 टाक्यांच्या 13 चौकटी. विणताना खूण आली की ती डाव्या सुईवरून उजव्या सुईवर सरकवायची, विणायची नाही. या खुणांमुळे 116 टाके एकदम मोजायची गरजच पडत नाही. दोन खुणांमध्ये 8 ऐवजी 9 दिसले की चूक नेमकी कुठल्या चौकटीत आहे ते त्याच क्षणी कळतं.

नमुना असा. चांदण्यांमधला भाग सांगितलं तितक्या वेळा करायचा.

ओळ 1 ते 12: सगळे टाके सुलट.

ओळ 1 विणून झाल्यावर तुमच्यासमोर जी बाजू होती तिला सेफ्टी पिन लावा. ती वरची बाजू. यापुढे सगळ्या विषम ओळींना पिन तुमच्याकडे असेल, सम ओळींना पलीकडे. बारा ओळी झाल्यावर वरच्या बाजूला सहा आडव्या उंच रेघा दिसल्या पाहिजेत. दोन ओळींची एक रेघ होते, त्यामुळे ओळी विसरलात तरी रेघा मोजता येतात.

ओळ 13: 6 सुलट, \*8 सुलट, 8 उलट\* सहा वेळा, 8 सुलट, 6 सुलट.

ओळ 14: 6 सुलट, \*8 उलट, 8 सुलट\* सहा वेळा, 8 उलट, 6 सुलट.

ओळ 15, 17, 19, 21: ओळ 13 प्रमाणे.

ओळ 16, 18, 20, 22: ओळ 14 प्रमाणे.

इथे चौकड्यांचा पहिला पट्टा पूर्ण झाला. आता चौकटी बदलतात.

ओळ 23: 6 सुलट, \*8 उलट, 8 सुलट\* सहा वेळा, 8 उलट, 6 सुलट.

ओळ 24: 6 सुलट, \*8 सुलट, 8 उलट\* सहा वेळा, 8 सुलट, 6 सुलट.

ओळ 25, 27, 29, 31: ओळ 23 प्रमाणे.

ओळ 26, 28, 30, 32: ओळ 24 प्रमाणे.

ओळ 33 ते 172: ओळ 13 ते 32 या वीस ओळी आणखी सात वेळा.

ओळ 173 ते 182: ओळ 13 ते 22 पुन्हा एकदा.

ओळ 183 ते 194: सगळे टाके सुलट.

ओळ 195: सगळे टाके सुलट विणत सैल हाताने बंद करा.

कागदावर हे लांबलचक दिसतं, पण ओळ 22 आणि ओळ 23 शेजारी ठेवून वाचा. दोन्ही अक्षरशः एकच आहेत. ओळ 32 आणि ओळ 33 यांचंही तेच. म्हणजे काठ सोडला तर सबंध दुपट्यात ओळी दोनच प्रकारच्या आहेत. एक सुलट चौकटीने सुरू होणारी, दुसरी उलट चौकटीने सुरू होणारी. दहा ओळी त्या आळीपाळीने येतात, आणि पट्टा बदलताना शेवटची ओळ जशीच्या तशी आणखी एकदा विणली की चौकटींची अदलाबदल होते.

हे समजलं की कागद बाजूला ठेवून सुईकडे बघून विणता येतं. काठाचे 6 टाके दोन्ही टोकांना कायम सुलट. मधल्या चौकटीत डाव्या सुईवरचा टाका गुळगुळीत दिसला तर तो सुलट विणा, आडवी गाठ दिसली तर उलट. पट्ट्याच्या दहाही ओळींत हाच नियम, आणि नव्या पट्ट्याच्या पहिल्या ओळीत तेवढा याच्या बरोबर उलटा. गुळगुळीत दिसेल तो उलट विणायचा, गाठ दिसेल तो सुलट. ओळ 13 फक्त अपवाद आहे, कारण तिच्या खाली चौकटी नसतात, तिथे खुणांवरून जा. कितवी ओळ चालू आहे हा प्रश्न पडला तर एखाद्या गुळगुळीत चौकटीतली बाणाची टोकं खालून वर मोजा. दहा झाली की पट्टा पुरा. तरी प्रत्येक ओळीला वहीत एक रेघ ओढण्याची सवय ठेवावी, विशेषतः घरात लहान मूल असेल आणि दर दहा मिनिटांनी उठावं लागत असेल तर.

मधेच उठायचं झालं तर ओळ पूर्ण करूनच उठा. ते जमलं नाही आणि सुया हातात घेतल्यावर कुठल्या दिशेला जायचं हे आठवेना, तर दोरा बघा. गुंड्याकडे जाणारा दोरा उजव्या सुईच्या शेवटच्या टाक्यातून निघालेला असला पाहिजे. तो डावीकडे असेल तर तुम्ही काम उलटं धरलं आहे. तसंच विणलं की ओळीच्या मध्येच वळण बसतं आणि तिथे बारीक भोक पडतं.

टाके वाढण्याची कारणं नवख्या हाताच्या बाबतीत जवळजवळ नेहमी दोनच असतात. पहिलं ओळीच्या सुरुवातीला घडतं. काम उलटवल्यावर दोरा सुईच्या वरून मागे ओढला जातो, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर उचलले जातात आणि एका टाक्याचे दोन टाके दिसू लागतात. दोन्ही विणले की काठावर 6 ऐवजी 7. म्हणून काम उलटवलं की दोरा आधी खाली, आपल्या बाजूला लोंबू द्या, आणि मग सुयांच्या खालून मागे न्या. दुसरं कारण चौकटींच्या सांध्यावर असतं. 8 सुलट झाले, आता उलट सुरू, म्हणून दोरा पुढे आणायचा असतो. तो दोन सुयांच्या मधून पुढे यायला हवा. तो उजव्या सुईच्या वरून आला तर सुईवर एक जादा वेढा बसतो आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. असा वेढा ओळखणं सोपं आहे. तो सुईवर तिरका पडलेला असतो आणि त्याच्याखाली ना गुळगुळीत बाण असतो ना गाठ. पुढच्या ओळीत तो दिसला तर विणू नका, सुईवरून सोडून द्या. सैल झालेला दोरा शेजारच्या टाक्यांत मुरून जातो.

टाका गळला तर खाली शिडीसारख्या आडव्या काड्या दिसतात. घाबरून सुई ओढू नका, आधी त्या सुट्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा म्हणजे शिडी आणखी खाली उतरणार नाही. मग क्रोशाची सुई घ्या, गळलेल्या टाक्यात पुढून घाला, मागची सगळ्यात खालची काडी पकडून टाक्यातून ओढा, आणि अशीच एक-एक काडी वर चढत जा. हे नेहमी गुळगुळीत बाजूने करायचं. चौकट उलट टाक्यांची असेल तर काम पालटा, मागून ती गुळगुळीतच असते. एखाद्या चौकटीत चुकून गाठ किंवा बाण भलत्या जागी आला असेल तर याच पद्धतीने फक्त तेवढा एक टाका तिथपर्यंत उसवून पुन्हा वर आणता येतो, सगळं दुपटं सोडायची गरज नाही.

मोठी गडबड होऊ शकते हे धरून एक तजवीज आधीच करून ठेवा. प्रत्येक पट्टा संपला की बोथट सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या 116 टाक्यांतून आरपार न्या, खुणांच्या फासांतून मात्र नको. पुढच्या पट्ट्यात काही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवा. उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं आणि टाके तिथे जसेच्या तसे उभे असतात. पुढचा पट्टा नीट झाला की दोरा ओढून घ्यायचा आणि नव्या ओळीत ओवायचा.

गुंडा संपत आला की नवा दोरा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा. काठावरून काठापर्यंत एक ओळ विणायला दुपट्याच्या रुंदीच्या साधारण चौपट दोरा लागतो, तेवढा उरला नसेल तर ओळ सुरू करू नका. जोडताना गाठ मारू नये. ती बाळाच्या अंगाला टोचते आणि धुण्यात सुटतेही. जुनं आणि नवं अशी दोन्ही टोकं 15 सेंटिमीटर लोंबती ठेवा आणि शेवटी बोथट सुईने काठाच्या रेघांमधून आधी एका दिशेला, मग उलट दिशेला फिरवून लपवा. टाके बंद करताना पुन्हा 5 नंबरची सुई उजव्या हातात घ्या. बंद केलेली कड घट्ट झाली तर वरची बाजू आखडते, आणि मोजून विणलेलं दुपटंसुद्धा वाकडं दिसतं.

वेळेचा हिशेबही सांगून ठेवते. 116 टाके गुणिले 194 ओळी म्हणजे 22,504 टाके होतात. मिनिटाला 15 ते 20 टाके या सावकाश गतीने 19 ते 25 तास. बऱ्याच घरांत बाळ होण्याआधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत की करत नाहीत. तिथे बाळ झाल्यावर सुई हातात घेऊन रोज दोन तास विणलं, तर बारशाच्या सुमारास दुपटं तयार होतं. जास्त रुंद हवं असेल तर दर दोन चौकटींना 16 टाके वाढवा. 132 टाक्यांचं दुपटं सुमारे 73 सेंटिमीटर रुंद होईल, आणि ओळींमधलं ‘सहा वेळा’ हे ‘सात वेळा’ होईल. लोकर त्या प्रमाणात थोडी जास्त घ्या.

देण्याआधी सेफ्टी पिन आणि सगळ्या खुणा काढल्या आहेत ना ते हात फिरवून बघा. दुपटं कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा आणि सावलीत चटईवर पसरून हाताने चारी कोपरे सरळ करा. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनाने ते लांबट होतं. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री अजिबात नको, उष्णतेने त्याचा पोत कायमचा मरतो आणि चौकटींचा उठाव सपाट होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅक्रिलिक आगीजवळ वितळून अंगाला चिकटतं. घरात बाळाला शेक-धुरी देण्याची पद्धत असेल तर त्या वेळी हे दुपटं दुसऱ्या खोलीत ठेवायला आवर्जून सांगा. मांडीवर घेताना, बाहेर नेताना, जमिनीवर खेळायला ठेवताना ते वापरावं. वर्षाच्या आतलं बाळ एकटं झोपलेलं असताना मात्र त्याच्या अंगावर कुठलंही सुटं पांघरूण ठेवू नये, कारण ते तोंडावर सरकलं तर बाळाला दूर करता येत नाही. गुंड्यावरचं एक लेबल जपून ठेवा आणि दुपट्याबरोबर द्या. दोरा कशाचा आहे आणि कसा धुवायचा हे त्याच्यावर छापलेलं असतं, आणि बाळाच्या आईला तेच हवं असतं.